मदत हवी आहे: जूनमध्ये भरदुपारी सावली दक्षिणेला पडली. मुलीची नोंद चुकली का?

ओवीची आई (इंदिरानगर, नाशिक), ७ जून

नमस्कार मंडळी. माझी मुलगी ओवी आता आठवीत जाईल. डिसेंबरपासून ती गच्चीवर एक मीटरची काठी उभी करून अधूनमधून दुपारी बरोबर १२ वाजता सावली मोजते आणि वहीत लिहून ठेवते. तिच्या तीन नोंदी खाली देते.

२२ डिसेंबरला सावली ९७ सेंटीमीटर होती, उत्तरेकडे. २१ मार्चला ४१ सेंटीमीटर, उत्तरेकडेच, पण बरीचशी पश्चिमेला कललेली. आणि परवा ५ जूनला फक्त १४ सेंटीमीटर, तीही जवळजवळ पश्चिमेला आणि थोडीशी दक्षिणेला.

काल सुट्टीतल्या विज्ञान शिबिरात तिने वही दाखवली. तिथल्या शिक्षकांनी शेवटच्या नोंदीवर लाल रेघ मारली. म्हणाले, "भारत उत्तर गोलार्धात आहे, इथे दुपारची सावली उत्तरेलाच पडते, तू दिशा उलटी धरलीस." ओवी रडवेली होऊन घरी आली. मी स्वतः गच्चीवर जाऊन पाहिलं, सावली खरंच दक्षिणेकडे झुकते. पण तसं का होतं हे मला सांगता आलं नाही. माझं भूगोलाचं ज्ञान "पृथ्वीचा अक्ष कललेला आहे म्हणून ऋतू होतात" या एका वाक्यावर थांबतं. त्या वाक्याचा आणि या सावलीचा काय संबंध, हे कोणी नीट समजावून सांगेल का? आठवीच्या मुलीला कळेल असं.

सह्याद्रीवारा, ७ जून

ताई, कारण सोपं आहे. अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याच्या जवळ येतो आणि उन्हाळा होतो, डिसेंबरमध्ये लांब जातो आणि हिवाळा होतो. सावलीचं मात्र मलाही कोडं आहे. मोबाइलचा होकायंत्र वापरला असेल तर तो चुकला असेल. स्लॅबमधल्या सळईजवळ तो भरकटतो.

ओळंबा, ७ जून

ओवीची नोंद बरोबर आहे. लाल रेघ खोडायला हवी.

मी ३२ वर्षं जमीन मोजणीत काढली, सूर्यावरून उत्तर काढणं हा आमचा रोजचा उद्योग होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर आहे. सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो अशी जागा वर्षभरात सरकत राहते. २१ जूनच्या सुमारास ती कर्कवृत्तावर असते, म्हणजे साधारण २३.४ अंश उत्तरेला, भोपाळच्या थोडं वर. २२ डिसेंबरच्या सुमारास ती तितकीच दक्षिणेला, मकरवृत्तावर जाते. वर जाताना ती नाशिकवरून जाते साधारण २० मेला, परत येताना २३ जुलैच्या आसपास. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. मग सावली दक्षिणेला पडणारच. शिक्षकांचं वाक्य दिल्लीला वर्षभर खरं आहे, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. महाराष्ट्र मात्र सगळाच्या सगळा अलीकडे आहे, त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक गावाला असे काही आठवडे येतात.

आता दुसरी गोष्ट. ओवीची दिशा चुकलेली नाही, वेळ चुकली आहे. घड्याळात १२ वाजतात तेव्हा नाशिकला खरी दुपार झालेली नसते. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखावृत्ताचं आहे आणि नाशिक त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर सुमारे ३५ मिनिटं उशीर. सध्या सूर्य माथ्यावरची रेषा ओलांडतो १२ वाजून ३३-३४ मिनिटांनी. १२ला तो अजून पूर्वेला असतो, म्हणून सावली पश्चिमेला.

डिसेंबरमध्ये ही चूक लपली. सावलीच इतकी लांब की ९७ ऐवजी ९५ आली असती, एवढाच फरक. जूनमध्ये सूर्य डोक्यापासून दोन-अडीच अंशांवर आहे, तिथे तीच अर्ध्या तासाची चूक सावलीची दिशाच फिरवते.

ताई, आकाश मोकळं असेल तर एक-दोन दिवसांत परत मोजा. पाऊस लागला की हा प्रयोग गेला. काठी ओळंब्याने सरळ उभी करा, गवंडी वापरतो तोच. ती एका अंशाने जरी कलली तरी सावलीचं टोक पावणेदोन सेंटीमीटर सरकतं, आणि सगळी सावलीच पाच सेंटीमीटरची आहे. सव्वाबारापासून पाच-पाच मिनिटांनी टोकावर खडूची खूण करा, एकपर्यंत. टोक धूसर दिसेल, जवळजवळ एक सेंटीमीटरभर, कारण सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे. धूसर पट्ट्याच्या मधोमध खूण करा. होकायंत्र लागणारच नाही. काठीच्या बुंध्यापासून सगळ्यात जवळची जागा, तीच उत्तर-दक्षिण रेषा.

पिंपळगावचा बागायतदार, ८ जून

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण सूर्य उत्तरेला जातो हे वाचून विचारतो. माझ्या द्राक्षबागेत सोलर पंपाच्या प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून बसवल्या आहेत. मग जूनमध्ये त्या उत्तरेला फिरवायच्या का? बसवणाऱ्या माणसाने हे काहीच सांगितलं नव्हतं.

ओळंबा, ८ जून

दादा, फिरवू नका. प्लेट साधारण २० अंशांनी दक्षिणेला कललेली असेल तर २१ जूनच्या दुपारी ऊन तिच्यावर सरळ न पडता २३ अंशांनी तिरकं पडतं. त्याने त्या वेळी आठ टक्क्यांच्या आसपास नुकसान होतं. डिसेंबरच्या दुपारी तिरकेपणा तेवढाच, पण दुसऱ्या बाजूने. म्हणजे २० अंश ही दोन्हीकडची मधली जागा आहे. सांगाड्याला कोन बदलायची सोय असेल तर मेपासून जुलैपर्यंत प्लेटा जवळजवळ आडव्या ठेवल्या तरी पुरे. तसंही पुढचे तीन महिने तुमचं ऊन ढग ठरवणार आहेत, कोन नाही.

ओळंबा, ८ जून

सह्याद्रीवारा, तुमचं अर्धं बरोबर आहे. अक्षाचा कल हेच कारण. पण "जवळ येतो" हे काढून टाका, कारण मुलं नेमकी तिथेच अडकतात.

पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे आपण शेकोटी पेटवतो तेव्हा सूर्य ५० लाख किलोमीटर जवळ असतो. कलामुळे उत्तर गोलार्ध पुढे झुकतो तो फार तर काही हजार किलोमीटर, कारण अख्ख्या पृथ्वीचा व्यासच पावणेतेरा हजार आहे. आणि अंतरावर ऋतू ठरले असते तर ते साऱ्या पृथ्वीवर एकदम आले असते. जानेवारीत सिडनीची कसोटी बघताना खेळाडू उन्हाने हैराण असतात आणि आपण घरात शाल पांघरून टीव्हीसमोर बसतो, हे मग झालं नसतं.

कल दोन कामं करतो. एक, ऊन किती तिरकं पडतं ते ठरवतो. जूनच्या दुपारी एक मीटर रुंद उन्हाचा पट्टा गच्चीवर जवळपास एकच मीटर जागा व्यापतो. डिसेंबरमध्ये तेवढंच ऊन सुमारे १.४ मीटर जागेवर पसरतं, म्हणजे प्रत्येक फरशीच्या वाट्याला कमी. कुरडया-पापडांची वाळवणं आपण उंच उन्हाच्या दिवसांत घालतो, ती यामुळेच.

दोन, ऊन किती वेळ राहतं तेही कलच ठरवतो. नाशिकला २१ जूनचा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, २२ डिसेंबरचा १० तास ५५ मिनिटांचा. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या, पृथ्वी डिसेंबरमध्ये जवळ असते तेही धरलं, तरी ढग नसताना डिसेंबरच्या दिवसभरात नाशिकला पोचणारी उष्णता जूनच्या साधारण दोन-तृतीयांश भरते.

ओवीची आई, ८ जून

काका, ऊन तिरकं पडतं ते कळलं. पण दिवस लांब-आखूड का होतो ते अजून ओवीच्या डोळ्यासमोर येत नाहीये. खरं सांगायचं तर माझ्याही. सूर्य वर आला तर दिवस मोठा का व्हावा?

ओळंबा, ८ जून

मोसंबी आणि विणकामाची सुई घ्या. सुई मोसंबीच्या देठातून आरपार घाला, ती झाली पृथ्वीची अक्षरेषा. मोसंबीच्या मध्यावरून पेनने एक रेघ फिरवा, ते विषुववृत्त. तिथून वरच्या टोकाकडे जायच्या वाटेवर पाव हिश्श्याच्या थोडं आत एक ठिपका द्या, ते नाशिक. खोलीत अंधार करून मधोमध टेबलावर एक बल्ब लावा.

आता सुई थोडी तिरकी धरा आणि तिचं वरचं टोक खोलीतल्या एका ठरावीक गोष्टीकडे रोखा. कपाट, खिडकी, काहीही. बल्बभोवती फिरताना टोक त्याच गोष्टीकडे रोखलेलं राहिलं पाहिजे. खऱ्या पृथ्वीचं टोक वर्षभर ध्रुवताऱ्याकडे रोखलेलं असतं, ते सूर्याकडे वळत नाही. सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे.

कपाटाच्या समोरच्या बाजूला, म्हणजे बल्ब तुम्ही आणि कपाट यांच्या मध्ये येईल असं उभं राहा. सुईचं टोक बल्बकडे झुकलेलं दिसेल. हा जून. तिथेच सुई गोल फिरवा आणि नाशिकचा ठिपका उजेडात किती वेळ राहतो, अंधारात किती, ते बघा. उजेड-अंधाराची कड ठिपक्याच्या वर्तुळाचे दोन सारखे तुकडे करत नाही, उजेडातला तुकडा मोठा असतो. मग कपाटाच्या बाजूला जाऊन तेच करा. सुई बल्बपासून दूर झुकलेली असेल आणि अंधाराचा तुकडा मोठा होईल. विषुववृत्ताच्या रेघेवर ठिपका दिलात तर तुकडे दोन्हीकडे सारखेच दिसतील. म्हणून जूनमध्ये कन्याकुमारीचा सगळ्यात मोठा दिवस जेमतेम साडेबारा तासांचा असतो आणि श्रीनगरचा जवळपास साडेचौदा.

ओवीची आई, ९ जून, रात्री

आज दोन्ही केलं. आधी मोसंबीचं सांगते. पहिल्या फेरीत ओवीने सुईचं टोक प्रत्येक वेळी बल्बकडेच वळवत नेलं. चारही जागी नाशिकला मोठाच दिवस! ती म्हणाली, "आई, हे काही खरं नाही, यात हिवाळा येतच नाही." मग तिचं तिलाच लक्षात आलं की आपण सुई फिरवतोय. दुसऱ्या फेरीत टोक देवघराकडे धरून ठेवलं आणि पलीकडे गेल्यावर ठिपका अंधारात जास्त राहिला. त्या क्षणी तिने जो आवाज काढला तो शेजारच्या घरात ऐकू गेला असेल.

आता सावली. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथल्या गवंडीदादांकडून ओळंबा मागून आणला. काठी कुंडीतल्या ओल्या वाळूत रोवली आणि सावली वाळूच्याच पातळीवर ठेवलेल्या सपाट पाटीवर घेतली. १२:१५ला टोक पश्चिमेला होतं. दर पाच मिनिटांनी ते साधारण दोन सेंटीमीटर पूर्वेला सरकत गेलं, खुणा जवळजवळ सरळ रेषेत आल्या. ही रेषा काठीच्या दक्षिणेने गेली, उत्तरेला एकही खूण नाही. सगळ्यात जवळची खूण १२:३५ची. बुंध्याच्या मध्यापासून ५ सेंटीमीटर. मध्येच ढग आल्यामुळे १२:४५ची खूण राहिली.

ओळंबा, १० जून

शाबास ओवी! आता या दोन आकड्यांतून पृथ्वीचा कल काढता येतो.

मीटरभर काठीची ५ सेंटीमीटर सावली म्हणजे सूर्य माथ्यापासून सुमारे २.९ अंश उत्तरेला. आपला अक्षांश २० मिळवला की २२.९. म्हणजे सूर्य काल २२.९ अंश उत्तरेला डोक्यावर होता. अजून २१ जून यायचा आहे, तोवर तो २३.४ला पोचेल आणि सावली ६ सेंटीमीटर होईल. डिसेंबरची सावली खऱ्या दुपारी ९५ आली असती असं धरलं तर कोन येतो साडेत्रेचाळीस. त्यातून २० वजा केले की साडेतेवीस.

आणि अक्षांश माहीत नसता तरी चाललं असतं. डिसेंबरला सूर्य माथ्याच्या दक्षिणेला ४३.४, जूनला उत्तरेला ३.४. दोन्हींची बेरीज ४६.८, तिचं निम्मं २३.४, हा कल. वजाबाकी ४०, तिचं निम्मं २०, हा नाशिकचा अक्षांश. एका काठीने दोन्ही.

डिसेंबरची नोंद मात्र १२ची आहे, ९५ हा माझा अंदाज आहे. ती परत घ्यावी लागेल.

शशीमावशी, १० जून

सगळं वाचलं, छान वाटलं. पण एक सांगते, दिवस मोठा होतो तो संक्रांतीपासून. तिळातिळाने वाढतो असं आमच्या आजीपासून ऐकत आलो. उत्तरायण तेव्हाच लागतं. मग हे २२ डिसेंबर कुठून आलं?

ओळंबा, १० जून

मावशी, सावलीच सांगेल. काठीची सावली सगळ्यात लांब २१-२२ डिसेंबरला असते. १४ जानेवारीपर्यंत ती ९५वरून ८८वर आलेली असते, म्हणजे सूर्य उत्तरेला निघून तीन आठवडे झालेले असतात. आजीचं म्हणणं एका काळी जुळत होतं. आपली संक्रांत ताऱ्यांवरून ठरते, आणि पृथ्वीचा अक्ष स्वतःच भोवऱ्यासारखा फार हळू डोलतो, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं. त्यामुळे ताऱ्यांची संक्रांत आणि सूर्याचं वळणं यांच्यात साधारण ७२ वर्षांना एक दिवसाचं अंतर पडत गेलं. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमाराला येत.

शशीमावशी, ११ जून

सण आम्ही करतो त्याच दिवशी करणार. पण तुमचं २२ डिसेंबरही मला पूर्ण पटत नाही. रोज दिवेलागणीला मी घड्याळ बघते. संध्याकाळ लवकर होते ती कार्तिकात, नोव्हेंबरच्या शेवटी. २२ डिसेंबरला तर दिवस मावळायला पाच-सहा मिनिटं उशीर झालेला असतो. मग सगळ्यात लहान दिवस तो कसा?

ओळंबा, ११ जून

मावशी, तुमचं घड्याळ बरोबर आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. नाशिकला सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ५:५४च्या सुमारास. २२ डिसेंबरला ६ वाजलेले असतात. पण सकाळही तेवढ्या दिवसांत पुढे सरकलेली असते, संध्याकाळपेक्षा जास्त. सगळ्यात उशिराचा सूर्योदय तर जानेवारीच्या मध्यावर. उजेडाचे तास मोजले तर २२ डिसेंबरच लहान निघतो. दिवस दोन्ही टोकांनी सारखा आखडत नाही, कारण खरी दुपारच घड्याळात सरकते. नोव्हेंबरच्या शेवटी ती १२:२१ला असते, २२ डिसेंबरला १२:३३ला, संक्रांतीला १२:४४ला. ती का सरकते याला दोन कारणं आहेत. एक परत अक्षाचा कलच, दुसरं म्हणजे पृथ्वी जानेवारीत जरा वेगाने पळते. त्याची फोड इथे करायला गेलो तर ओवीचा धागा हरवेल, वेगळा धागा काढा, मी येतो.

पिंपळगावचा बागायतदार, ११ जून

मग हेही सांगा. २२ डिसेंबरनंतर दिवस वाढतो तर आमच्या निफाड पट्ट्यात कडाक्याची थंडी जानेवारीतही का पडते? द्राक्षाच्या घडांना तेव्हाच चटका बसतो. आणि उन्हाळा एप्रिल-मेमध्ये, जूनमध्ये का नाही?

सह्याद्रीवारा, ११ जून

थंडीचं मी सांगतो, काकांनी तपासावं. २२ डिसेंबरनंतर दिवस वाढतो तो रोज काही सेकंदांनी. रात्र अजून मोठी असते, त्यामुळे जमीन दिवसा कमावते त्यापेक्षा रात्री जास्त गमावते, आणि तोटा साचत जातो. महिनाभराने हिशेब बरोबरीला येतो, तोवर थंडी. बरोबर ना?

ओळंबा, ११ जून

बरोबर. त्यात उत्तरेकडून येणाऱ्या थंड वाऱ्याच्या लाटा मिळवा, त्या कोणत्या आठवड्यात येतील हे कल सांगत नाही. जूनचं उत्तर म्हणजे पाऊस. मेच्या २० तारखेला सूर्य डोक्यावर, मग जूनमध्ये ढग त्याला झाकतात. ढग नसते तर नाशिकची सगळ्यात कडक दुपार जूनमध्ये आली असती असं मला वाटतं, पण हे माझं मत आहे, कोणी हवामानाचं माणूस असेल तर बोला.

ओवीची आई, १४ जून

पाऊस सुरू झालाय, वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. शिबिराच्या शिक्षकांना ओवीने खडूच्या खुणांचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "२३ जुलैनंतर उघडीप मिळाली की सावली परत उत्तरेला आली का ते मला कळव." लाल रेघ अजून तशीच आहे. ओवीने तिच्याखाली "१२:३५, ५ सेंमी, दक्षिण" असं लिहून कुंडीच्या जागेवर ऑइलपेंटने गोल काढून ठेवलाय, डिसेंबरला काठी तिथेच उभी करायला.